निरोप ठरल्या वेळी जातो, पण तोवर राहतो कुठे?

मित्रांनो, आपल्या होस्टेलवर सध्या नवीन फॅशन आलीय. मेसेज आत्ता लिहायचा आणि उद्या पाठवायचा! रात्री बारा वाजता बहिणीला वाढदिवसाच्या शुभेच्छा, सकाळी बरोबर नऊला गाइडना रिपोर्ट, दुपारी मेस सेक्रेटरीला "आज जेवायला नाही". सगळं आधीच लिहून ठेवायचं आणि आपण निवांत. चाकणला इंटर्नशिप करणाऱ्यांना तर याची गरजच आहे. गेटवर फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो आणि शिफ्टचे आठ-साडेआठ तास तो आपल्या हातात नसतो. पहिली शिफ्ट असेल तर सगळं जग जागं असताना आपण मशीनसमोर, आणि तिसरी असेल तर सगळं जग कामाला लागतं तेव्हा आपण पांघरुणात.

सोय चांगली आहे, मीही वापरतो. माझं म्हणणं वेगळंच आहे. हा मेसेज लिहिल्यापासून पाठवला जाईपर्यंत नेमका कुठे थांबलेला असतो, हे वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं. आणि कोणता मेसेज असा आधी लिहून ठेवू नये, याचा विचार तर कुणीच करत नाही. आपण इंजिनीअर होणार ना? मग या दोन प्रश्नांकडे जरा इंजिनीअरच्या नजरेनं बघू.

आधी पहिला प्रश्न. मेसेज तीनच ठिकाणी थांबू शकतो. आपल्या फोनमध्ये, कंपनीच्या सर्व्हरवर, किंवा आपल्याच डोक्यात. तिसऱ्या प्रकाराला आपण रिमाइंडर म्हणतो. फोन फक्त आठवण करून देतो, लिहायचं आणि पाठवायचं आपणच.

अँड्रॉइडवर गूगलचं मेसेजेस नावाचं अॅप असतं. त्यात २०२१ पासून ही सोय आहे. मेसेज टाइप करायचा, पाठवण्याचं बटण दाबून धरायचं, की तारीख-वेळ विचारली जाते. पण हा मेसेज आपल्या फोनमध्येच थांबतो. त्या वेळी फोन बंद असेल किंवा रेंज नसेल तर तो जाणार कसा? काही कंपन्यांत गेटवर फोन नुसता जमा करत नाहीत, स्विच ऑफ करायला लावतात. तिथे हा प्रकार उपयोगाचा नाही. मेसेज लॉकरमध्ये फोनसोबत झोपलेला असतो.

टेलिग्रामचं तसं नाही. त्यात ही सोय २०१९ साली आली. इथेही बटण दाबून धरायचं आणि `Schedule Message` निवडायचं. दिसायला दोन्ही अगदी सारखं, पण इथे मेसेज लगेच टेलिग्रामच्या सर्व्हरवर जातो आणि तिथे थांबतो. मग तुमचा फोन बंद असो, हरवलेला असो, नाहीतर इंद्रायणीत पडलेला असो, ठरल्या वेळी मेसेज निघणारच. जीमेलचंही असंच आहे. १ एप्रिल २०१९ ला, जीमेलच्या पंधराव्या वाढदिवशी, त्यात `Schedule send` आलं. एका वेळी शंभर मेल लावून ठेवता येतात आणि ते `Scheduled` नावाच्या फोल्डरमध्ये दिसतात. आयफोनवाल्यांना २०२४ च्या आयओएस १८ मध्ये `Send Later` मिळालं. त्यात फार तर चौदा दिवस पुढचा मेसेज लावता येतो आणि तो अॅपलच्या सर्व्हरवर थांबतो. पण हे फक्त आयमेसेजसाठी. समोरच्याकडे साधा अँड्रॉइड असेल तर ही सोय चालत नाही.

आता गंमत बघा. एकाच बटणाचीसुद्धा दोन रूपं असू शकतात. कॉम्प्युटरवरच्या जुन्या आउटलुकमध्ये `Delay Delivery` आहे. ऑफिसचं एक्सचेंज खातं असेल तर मेल सर्व्हरवर थांबतो. पण साधं POP किंवा IMAP खातं असेल तर तो तुमच्याच कॉम्प्युटरच्या आउटबॉक्समध्ये बसून राहतो, आणि त्या वेळी आउटलुक उघडं नसेल तर जात नाही. आपल्या ऑफिसमधल्या स्टाफनं हे मुद्दाम लक्षात ठेवावं. संध्याकाळी पीसी बंद करून घरी जायचं आणि सकाळी आठला मेल जाईल अशी आशा धरायची, तर आधी खातं कोणतं आहे ते बघायला हवं.

मग ओळखायचं कसं? मॅन्युअल वाचायची गरज नाही. दहा मिनिटांची एक टेस्ट आहे. रूममेटला दहा मिनिटांनंतरचा मेसेज लावा आणि आपला फोन पूर्ण बंद करा. फ्लाइट मोड नको, सरळ बंद. बरोबर दहा मिनिटांनी त्याच्या फोनवर मेसेज आला, तर तो सर्व्हरवर होता. फोन चालू केल्यावर आला, किंवा आलाच नाही, तर तो तुमच्या खिशात होता. ज्या अॅपवर विसंबणार आहात त्याची ही टेस्ट एकदा तरी करा.

खिशातल्या मेसेजला आणखी एक आजार असतो. तो कधीकधी उशिरा जातो आणि कारण कळत नाही. फोन चालू असतो, रेंज असते, तरी साडेसहाचा मेसेज सातला जातो. याचं कारण बॅटरी. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, फोन बराच वेळ न हलता पडून राहिला की गाढ झोपी जातो आणि अॅप्सची कामं पुढे ढकलून एकत्र उरकतो. याला डोझ म्हणतात. लॉकरमध्ये पडलेला फोन म्हणजे डोझसाठी उत्तम गिऱ्हाईक! अॅपला अगदी ठरल्या मिनिटाला जागं व्हायचं असेल तर वेगळी परवानगी लागते. सेटिंगमध्ये ती `Alarms & reminders` या नावानं असते. अँड्रॉइड १४ पासून नव्यानं टाकलेल्या बहुतेक अॅप्सना ती आपोआप मिळत नाही, आपण द्यावी लागते. शिवाय फोन रीस्टार्ट झाला की लावलेले अलार्म पुसले जातात. अॅप नीट लिहिलेलं असेल तर ते परत लावून घेतं, नसेल तर मेसेज गेला विस्मृतीत.

व्हॉट्सअॅपचं काय, असं तुम्ही विचारणारच. व्हॉट्सअॅपमध्ये अनेक वर्षं ही सोय नव्हती, म्हणून भलत्याच कंपन्यांची अॅप्स निघाली. ती फोनमध्ये `Accessibility` नावाची परवानगी मागतात. ही परवानगी मुळात अंध किंवा अपंग व्यक्तींना फोन वापरता यावा म्हणून केलेली आहे. ती मिळाली की अॅप स्क्रीनवरचं सगळं वाचू शकतं आणि तुमच्या वतीनं बटणं दाबू शकतं. हे अॅप ठरल्या वेळी व्हॉट्सअॅप उघडतं, मेसेज टाकतं आणि बटण दाबतं. म्हणजे भुताटकी! स्क्रीनला पासवर्ड असेल तर भुताचंही चालत नाही, म्हणून आपली मुलं लॉक काढून ठेवतात. एका "हॅपी बर्थडे"साठी फोनचं कुलूप काढायचं आणि बँकेचा ओटीपी वाचता येईल अशी किल्ली अनोळखी माणसाच्या हातात द्यायची. माझं स्पष्ट मत आहे, हे करू नका. तुमच्या व्हॉट्सअॅपमध्ये आतूनच सोय दिसत नसेल, तर रिमाइंडर लावा आणि हातानं पाठवा.

असो. आता दुसऱ्या, जास्त महत्त्वाच्या प्रश्नाकडे येतो.

आमच्या विंगमधल्या एका मित्राची गोष्ट सांगतो. नाव सांगत नाही, कंपनीचंही सांगत नाही. चाकणला इंटर्नशिप, आठवडाभर दुसरी शिफ्ट. रात्री बाराला सुटायचं, कंपनीची बस पकडायची, मोशीवरून आकुर्डीला यायला एक वाजतो. आई गावाकडे जागी राहायची. "पोचलास की मेसेज कर, मग मी झोपते." याला बसमध्येच झोप लागायची, मेसेज करायचं राहून जायचं आणि मग दीड वाजता आईचा फोन. त्यानं शक्कल लढवली. सोमवारीच पूर्ण आठवड्याचे मेसेज लावून टाकले, रोज रात्री १ वाजून ५ मिनिटांनी, "पोचलो रूमवर, झोपतोय, तू पण झोप." आई खूश, हाही खूश.

बुधवारी रात्री अकराच्या सुमाराला शीट मेटलची कड लागून याच्या तळहाताला मोठी चीर गेली. कंपनीतल्या माणसांनी लगेच गाडीत घालून दवाखान्यात नेलं, टाके पडले. फोन मात्र लॉकरमध्येच राहिला, चालू अवस्थेत. १ वाजून ५ मिनिटांनी त्यानं इमानदारीत मेसेज पाठवला.

इकडे होस्टेलवर नाइट रजिस्टरमध्ये त्याची सही नाही. वॉचमनकाका बिचारे जागरूक. दोन वाजता त्यांनी याच्या फोनवर रिंग दिली, कुणी उचलेना. मग घरी फोन केला. वडील म्हणाले, "अहो, तो रूमवर झोपलाय. एकलाच मेसेज आलाय त्याचा." काकांना वाटलं, सही करायची राहिली असेल. त्यांनी शोध थांबवला. मुलगा पहाटे पाच वाजता हाताला बँडेज बांधून दारात उभा राहिला, तेव्हा सगळ्यांना कळलं. सुदैवानं टाक्यांवरच निभावलं. पण समजा बसला अपघात झाला असता तर? काकांना संशय आला होता, त्यांनी बरोबर ठिकाणी फोनही केला होता. तपासाचं एकच दार उघडं होतं आणि ते त्या मेसेजनं बंद केलं.

इथे फोन बिघडला नाही, नेटवर्क गेलं नाही, अॅप चुकलं नाही. सगळं अगदी सांगितल्याप्रमाणे झालं. चूक आहे ती मेसेजच्या जातीत. "बहीणबाई, वाढदिवसाच्या शुभेच्छा" हा मेसेज घड्याळावर अवलंबून आहे. बारा वाजले की तो खरा. "पोचलो" हा मेसेज घड्याळावर अवलंबून नाही, तो पोचण्यावर अवलंबून आहे. एक वाजला म्हणून माणूस पोचत नाही! जी गोष्ट अजून घडायची आहे ती घडली असं आधीच लिहून ठेवणं म्हणजे कोऱ्या चेकवर सही करून तो दुसऱ्याला देणं.

याचं उत्तर आपल्या दारावरून रोज जाणाऱ्या गाडीत आहे. पुणे-लोणावळा लोकल आकुर्डी, चिंचवड, पिंपरी करत जाते. लोकल चालवणाऱ्या मोटरमनच्या हाताखाली एक हँडल असतं, त्याला डेड मॅन्स हँडल म्हणतात. गाडी चालू असेपर्यंत ते दाबून धरावं लागतं. मोटरमनला भोवळ आली, हात सुटला, की ब्रेक लागतात. म्हणजे "सगळं ठीक आहे" हा निरोप जिवंत हातानंच द्यावा लागतो, आणि निरोप थांबला की यंत्र धोका आहे असं धरून चालतं. आता कल्पना करा, कुणी त्या हँडलला दोरी बांधून ठेवली. मोटरमनला आराम, पण यंत्रणेचा सगळा अर्थच गेला. आमच्या मित्रानं नेमकी ती दोरी बांधली होती.

मग आईनं जागं राहायचं का? नाही. मेसेज उलटा करा. आधी लावून ठेवायचाच असेल तर "पोचलो" नको, "पोचलो नाही" लावा. आणि तो आईला नको, रूममेटला लावा.

आमच्या विंगमध्ये त्या प्रसंगानंतर आम्ही हे करून बघितलं, पद्धत अशी. दुसऱ्या शिफ्टला जाणारा मुलगा निघण्यापूर्वी टेलिग्रामवर रूममेटला रात्री १:४५ चा मेसेज लावतो. "मी अजून आलो नाही. वॉचमनकाकांना सांग आणि बसच्या सुपरवायझरला फोन लाव." खाली सुपरवायझरचा नंबर आणि बसचा नंबर. एक वाजता तो रूमवर पोचला की चॅट उघडतो, लावलेला मेसेज डिलीट करतो, आईला हातानं "पोचलो" लिहितो आणि झोपतो. पाऊण तास सवलत यासाठी, की तळेगाव चौकात किंवा मोशीजवळ बस अडकणं हे काही संकट नाही, रोजचंच आहे.

हा मेसेज सर्व्हरवर थांबणाराच हवा, हे आता तुमच्या लक्षात आलं असेल. फोनमध्ये थांबणारा असेल, तर ज्या अपघातात फोन फुटेल त्यातच मेसेजही मरेल. म्हणून पहिला प्रश्न आधी सोडवला. दुसरं म्हणजे रूममेटच्या फोनवर त्या चॅटला वेगळा, मोठा आवाज लावून ठेवावा लागतो, नाहीतर १:४५ ला तो घोरत असणार आणि मेसेज सकाळी वाचणार. हे सगळ्यात कच्चं दुवं आहे, आधी एकदा रात्री तपासून घ्यावं. तिसरं, मुलगा डिलीट करायला विसरतो. होतं असं, आमच्याकडे दोनदा झालं. रूममेट उठला, बाजूच्या कॉटवर हा झोपलेला दिसला, चार शिव्या घातल्या आणि परत झोपला. फुकटची धावपळ झाली, पण कुणी संकटात असताना बाकीचे निवांत झोपले असं झालं नाही. चुकायचंच असेल तर या बाजूला चुकावं. फेल-सेफ, फेल-सेफ म्हणून आपण पेपरात दोन मार्कांना लिहितो ते हेच.

काही मित्र म्हणतात, एवढी भानगड कशाला, लोकेशन शेअर करा ना. करा, चांगलंच आहे. पण फोन लॉकरमध्ये राहिला की लोकेशनही लॉकरचंच दिसतं. आई बघते, पोरगं कंपनीत आहे, ओव्हरटाइम करत असेल.

आता शेवटचा मुद्दा, आणि हा थोडा स्टाफसाठी आहे. सर, मॅडम, राग मानू नका. आतापर्यंत आपण पाठवणाऱ्याच्या घड्याळाबद्दल बोललो. घेणाऱ्याचं घड्याळ कोण बघणार? ट्रायनं २०१० च्या नियमांत जाहिरातींचे कॉल आणि एसएमएस रात्री ९ ते सकाळी ९ बंद ठेवायचं ठरवलं होतं. हेतू उत्तम. पण त्यात गृहीत असं, की माणसं रात्रीच झोपतात. भोसरी ते चाकण पट्ट्यात तिसरी शिफ्ट करणारा माणूस सकाळी नऊला नुकताच आडवा झालेला असतो. त्याच्यासाठी सकाळचे नऊ म्हणजे मध्यरात्र.

चाकणला ज्यांचे प्लांट आहेत, त्यांतल्या दोन कंपन्यांनी आपल्या देशात, म्हणजे जर्मनीत, यावर काय केलं ते बघण्यासारखं आहे. फोक्सवॅगननं २०११ मध्ये तिथल्या कामगार प्रतिनिधींशी करार केला. करारात येणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या कंपनीच्या मोबाइलवर ड्यूटी संपल्यानंतर अर्ध्या तासानं मेल पोचणं बंद, आणि दुसऱ्या दिवशीच्या ड्यूटीच्या अर्धा तास आधी परत सुरू. मोठे साहेब यात नव्हते. मेल कुणी कधीही पाठवो, सर्व्हर तो घेणाऱ्याच्या वेळेपर्यंत धरून ठेवणार. मर्सिडीज बनवणाऱ्या डाइमलरनं २०१४ मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं. सुट्टीवर गेलेल्या माणसाला हवं असेल तर त्याला आलेला मेल चक्क डिलीट होतो. पाठवणाऱ्याला उत्तर जातं की मेल खोडला आहे, तातडीचं असेल तर अमुक माणसाला लिहा. इथे पाठवणाऱ्याला अंधारात ठेवलेलं नाही. निरोप पोचला नाही हे त्याला तिथल्या तिथे कळतं. आमच्या मित्राच्या मेसेजमध्ये नेमकं हेच नव्हतं.

आपल्याकडे एवढा मोठा सर्व्हर नको. ऑफिसकडे इंटर्नशिपवाल्या मुलांची यादी आहेच, फक्त त्यात शिफ्टचा एक कॉलम वाढवावा. तिसरी शिफ्टवाल्यांना फॉर्मची, फीची, सबमिशनची सूचना सकाळी नऊला न पाठवता दुपारी चारला जीमेलवरून लावून ठेवावी. सकाळीच लिहायची असेल तर लिहा, फक्त बटणाशेजारचा बाण दाबून वेळ बदला. आणि गुरुवारी, आपल्या एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, मुलं जागी आणि मोकळी असतात, लांबलचक सूचना तेव्हा पाठवल्या तर वाचल्या तरी जातील.

मुलांना माझी विनंती एकच आहे. आज रात्री आपापल्या फोनमध्ये लावून ठेवलेले मेसेज उघडून बघा. वाढदिवस, रिपोर्ट, मेसची सूचना असेल तर राहू द्या. त्यात "पोचलो", "जेवलो", "बरा आहे" असा एखादा सापडला तर तो खोडा. ते तीन शब्द ज्या त्या वेळी, आपल्या हातानं लिहायचे आहेत.